करार नाही, तरी देणं आहे

नाशिकमधल्या एका पाइप-फिटिंगच्या दुकानाचं उदाहरण घेऊ. पुरवठादाराचं ४८,६०० रुपयांचं बिल आलं. वडिलांनी ३ एप्रिल २०२३ रोजी बँकेत जाऊन एनईएफटी केलं. घरी सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी मुलाने तेच बिल फाइलमध्ये पाहिलं आणि मोबाइलवरून यूपीआयने पुन्हा ४८,६०० पाठवले. मार्चमध्ये सीएने हिशेब जुळवायला घेतले तेव्हा दुहेरी नोंद सापडली. पुरवठादाराला फोन केला तर तो म्हणाला, "तुम्हीच पाठवले, मी मागितले नव्हते. आता ते पुढच्या मालात वळते करून घ्या." दुकानदाराला तर त्याच्याकडून पुढे माल घ्यायचाच नव्हता.

या दुसऱ्या ४८,६०० रुपयांबाबत दोघांत कोणताही करार नाही. पुरवठादाराने फसवलेलं नाही, धमकावलेलं नाही, बिलातही काही खोट नाही. मग पैसे परत कोणत्या आधारावर मागायचे? आधार आहे, आणि तो दीडशे वर्षांहून जुना आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ७२ खाली जे पहिलं उदाहरण छापलेलं आहे ते जवळपास हेच. अ आणि ब दोघं मिळून क चं शंभर रुपये देणं लागतात. अ एकटाच सगळे पैसे देऊन टाकतो. ब ला ते माहीत नसतं, तो पुन्हा शंभर रुपये देतो. क ने ब ला ते परत केलेच पाहिजेत.

करार कायद्याच्या पाचव्या प्रकरणात ६८ ते ७२ अशी पाचच कलमं आहेत. प्रकरणाचं शीर्षक सांगतं की हे करार नव्हेत, करारासारखे दिसणारे संबंध आहेत. इथे कुणी प्रस्ताव देत नाही, कुणी होकार देत नाही. एकाच्या खिशातून काही गेलं, दुसऱ्याच्या खिशात आलं, आणि ते तिथेच राहू देणं न्याय्य नाही एवढ्यावरून कायदा देणं उभं करतो. इंग्लंडमध्ये लॉर्ड मॅन्सफील्डने १७६० साली 'मोझेस विरुद्ध मॅकफर्लन' या खटल्यात हा विचार मांडला. आपल्याकडे तो कलमांच्या रूपात आला, आणि त्यामुळेच नेमक्या कलमावर बोट ठेवणं महत्त्वाचं झालं.

कायद्याच्या परीक्षांमध्ये या प्रकरणावर एक ठरावीक प्रश्न येतो. एक प्रसंग दिलेला असतो आणि खाली चार पर्याय असतात: कलम ६९, ७०, ७१, ७२. चारही बरोबर वाटतात, कारण चारही ठिकाणी करार नसताना कुणाला तरी लाभ झालेला असतो. विद्यार्थी गोंधळतात ते लाभ कुणाला झाला यावरून कलम शोधू लागतात म्हणून. माझ्या मते शोध दुसऱ्या टोकाकडून सुरू करावा. देणाऱ्याच्या हातून पैसा किंवा वस्तू का सुटली, हे आधी विचारावं. देणं आहे असं चुकीने समजून सुटली की ७२. दुसऱ्याचं देणं आपल्या गळ्याशी आलं म्हणून सुटली की ६९. मोबदला मिळेल या अपेक्षेने काम केलं किंवा माल दिला की ७०. आणि हातून दिलीच नाही, हरवली, की ७१. परीक्षेच्या बाहेरही हा प्रश्न उपयोगी पडतो, कारण कलम बदललं की काय सिद्ध करायचं ते बदलतं आणि हाती किती येईल तेही बदलतं.

आता आधी ७२ कडे नीट पाहू. या कलमात चूक म्हणजे काय? झरियाच्या कोळसा खाणींच्या भाडेपट्ट्यावरून 'शिबाप्रसाद सिंह विरुद्ध श्रीशचंद्र नंदी' हा खटला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला होता. भाडेपट्ट्याचा अर्थ चुकीचा लावल्यामुळे स्वामित्वधन जास्त दिलं गेलं होतं. १९४९ सालच्या निकालात प्रिव्ही कौन्सिलने म्हटलं की जे देणं नव्हतं ते देणं आहे असं समजून पैसे दिले, तर ती या कलमातली चूक. मग ती आकड्याची असो, माणसाची असो किंवा कायद्याच्या अर्थाची असो. हा शेवटचा भाग महत्त्वाचा आहे. कायद्याचं अज्ञान ही सबब नाही, असं आपण ऐकत आलेलो असतो. पण ते आपल्या कृत्याची जबाबदारी झटकताना. देणं नसलेले पैसे परत मागताना कायद्याबद्दलची चूकही चालते.

सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये कन्हैयालाल मुकुंदलाल सराफ यांच्या पेढीच्या प्रकरणात हीच भूमिका घेतली. बनारसच्या या पेढीने चांदीच्या वायदे व्यवहारांवर विक्रीकर भरला होता. पुढे असा कर लावण्याचा अधिकारच सरकारला नव्हता असं ठरलं. सरकारचं एक म्हणणं असं होतं की ते पैसे केव्हाच खर्च झाले. न्यायालयाने ते मान्य केलं नाही. नेहमीच्या कारभारात पैसे खर्चून टाकले, एवढ्याने परत करण्याची जबाबदारी संपत नाही. आपला पुरवठादारही "मी ते पैसे पुढे दिले" असं म्हणणार, तेव्हा हा निकाल लक्षात ठेवावा.

दुसरी हरकत हमखास येते: "तुमचाच निष्काळजीपणा, मी का भोगू?" यावर १८४१ सालचा 'केली विरुद्ध सोलारी' हा इंग्लंडचा खटला आजही सांगितला जातो. विमा कंपनीच्या संचालकांनी एका विधवेला पतीच्या पॉलिसीचे पैसे दिले. हप्ता न भरल्यामुळे ती पॉलिसी बंद पडली होती, तशी नोंदही होती, पण देताना ते संचालकांच्या ध्यानातून गेलं. न्यायालय म्हणालं, चौकशी करण्यात हलगर्जीपणा झाला म्हणून परत मागण्याचा हक्क जात नाही. खरोखर चूक झाली होती का, एवढंच पाहायचं. वडील-मुलात बोलणं झालं नाही हा दुकानाचा गलथानपणा खरा, पण त्यामुळे पुरवठादाराला ४८,६०० रुपये ठेवून घेण्याचा हक्क मिळत नाही.

हक्क जातो तो वेगळ्या कारणाने. देणं नाही हे माहीत असताना किंवा वाद असताना "कटकट नको" म्हणून पैसे दिले, तर ती चूक नव्हे, तो निर्णय. तडजोड म्हणून दिलेली रक्कम पुढे मन बदललं म्हणून ७२ खाली मागता येत नाही. या कलमात चुकीच्या जोडीला सक्तीही आहे. त्याचं उदाहरण रेल्वेचं आहे. बेकायदा जास्त भाडं भरल्याशिवाय माल सोडत नाहीत, म्हणून व्यापारी भरतो. इथे देणं नाही हे त्याला ठाऊक असतं, तरी जास्तीची रक्कम परत मिळते, कारण त्याच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. अशा वेळी निषेध नोंदवून, पावतीवर तसं लिहून पैसे भरले तर पुढे सिद्ध करणं सोपं जातं.

खरा गुंता ७० आणि ७२ मध्ये आहे. कलम ७० सांगतं की कुणी कायदेशीरपणे दुसऱ्यासाठी काही केलं किंवा त्याला काही दिलं, ते फुकट करण्याचा हेतू नव्हता, आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर त्याने भरपाई द्यावी किंवा वस्तू परत करावी. आणि या कलमाखालचं पहिलं उदाहरण काय आहे? एक व्यापारी चुकून दुसऱ्याच्या घरी माल ठेवून जातो, घरमालक तो आपलाच समजून वापरतो, तर त्याने पैसे द्यावेत. म्हणजे इथेही चूकच! ७२ मध्येसुद्धा पैशाबरोबर चुकून दिलेल्या वस्तूचा उल्लेख आहे. मग पर्याय कोणता निवडायचा?

आपल्याच दुकानाचा टेम्पो एका बांधकामाऐवजी शेजारच्या बांधकामावर साठ पाइप उतरवून आला, असं समजा. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर परत गेला तेव्हा पाइप आवारात तसेच रचलेले होते. हा ७२ चा सरळ मामला: चुकून दिलेली वस्तू परत करा. पण आठवड्याने गेला आणि पाइप भिंतीत बसून त्यावर प्लास्टर झालेलं दिसलं, तर आता परत काय करणार? तिथे ७० उपयोगी पडतं. बिल्डरने वस्तूचा लाभ घेतला, दुकानाने ती फुकट दिली नव्हती, म्हणून भरपाई. ती साधारणपणे त्या मालाच्या वाजवी किमतीची मिळते. दुकानाने दुसऱ्या गिऱ्हाइकाशी जो चढा दर ठरवला होता तो या बिल्डरवर लादता येत नाही, कारण त्याच्याशी दर ठरलेलाच नाही. तिसरी शक्यताही आहे. पाइप उतरवतानाच साइटवरचा सुपरवायझर "आमचे नाहीत, घेऊन जा" म्हणाला आणि त्यांना हात लावला नाही. मग बिल्डरने काही स्वीकारलंच नाही, आणि ७० लागूच होत नाही.

स्वीकारण्याचा हा मुद्दा आपल्याकडे पक्का झाला तो 'पश्चिम बंगाल सरकार विरुद्ध बी. के. मंडल अँड सन्स' या खटल्यात. डिसेंबर १९६१ च्या त्या निकालातलं मुख्य निकालपत्र मूळचे साताऱ्याचे न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी लिहिलं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बंगालच्या नागरी पुरवठा खात्यासाठी या कंत्राटदाराने आरामबाग इथे गोदामाची शेड आणि इतर कामं केली होती. अधिकाऱ्यांनी काम सांगितलं, झाल्यावर ते ताब्यात घेतलं, वापरलं. पण १९३५ च्या गव्हर्नमेंट ऑफ इंडिया कायद्याने सरकारी करारासाठी घालून दिलेल्या पद्धतीने करार झालेला नव्हता. सरकारचं म्हणणं, करारच अवैध, मग पैसे कसले? गजेंद्रगडकरांनी दाखवून दिलं की कंत्राटदार करारावर पैसे मागतच नव्हता. काम कायदेशीरपणे झालं, फुकट करण्याचा हेतू नव्हता, आणि सरकारने ते नाकारण्याची मोकळीक असताना स्वीकारून वापरलं. या तीन गोष्टी दिसल्या की कलम ७० पुरतं. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो, कारण आजही गावोगावी "आधी काम करा, वर्क ऑर्डर मागाहून काढू" असं सांगून कामं करून घेतली जातात आणि मग कागद नाही म्हणून बिल अडवलं जातं.

याच तर्काने अज्ञान मुलावर ७० लावता येत नाही, कारण स्वीकारण्याचा निर्णय कायद्याच्या दृष्टीने त्याला घेता येत नाही. त्याच्यासाठी वेगळं कलम ६८ आहे. अज्ञानाला किंवा मनोरुग्णाला त्याच्या राहणीमानाला साजेशा गरजेच्या वस्तू पुरवल्या तर त्याच्या मालमत्तेतून पैसे मिळतात, मालमत्ता नसेल तर नाही.

आता ६९. दुकान भाड्याच्या गाळ्यात आहे. मालमत्ता कर गाळ्याच्या मालकाने भरायचा, पण त्याने तो थकवला आणि गाळ्यावर जप्तीची नोटीस लागली. गाळा गेला तर दुकान जाणार, म्हणून दुकानदाराने थकबाकी भरून टाकली. इथे चूक कुठेच नाही, त्याने डोळे उघडे ठेवून पैसे भरले. मोबदल्यासाठी मालकाचं काम केलं असंही नाही. देणं कायद्याने मालकाचं, पण ते न दिल्यास नुकसान दुकानदाराचं, म्हणून भरलं. अशा वेळी मालकाने ती रक्कम भरून दिली पाहिजे. कायद्यातलं मूळ उदाहरण बंगालच्या जमीनदारीचं आहे. जमीनदाराने सारा थकवला, सरकारने जमीन विक्रीला काढली, विक्री झाली तर खंडकऱ्याचा पट्टा बुडणार, म्हणून त्याने सारा भरला.

हे कलम निवडताना दोन गोष्टी तपासाव्यात. पैसे देणाऱ्याचे स्वतःचे हितसंबंध त्यात गुंतलेले हवेत. समोरच्या दुकानदाराने केवळ शेजारधर्म म्हणून कर भरला तर ६९ त्याच्या कामी येत नाही. आणि ज्याने भरले त्याच्यावर ते देणं मुळात नसावं. भाडेकरारात कर भाडेकरूने भरायचा असं लिहिलं असेल तर त्याने स्वतःचंच देणं फेडलं, मालकाकडे मागायचं काही राहत नाही. त्यामुळे असा कर भरण्याआधी भाडेकरार एकदा काढून वाचावा, आणि पावतीवर पैसे कुणी भरले हे येईल असं पाहावं.

कलम ७१ सापडलेल्या वस्तूचं. टेम्पोतून पिशवी रस्त्यावर पडली आणि कुणी उचलून घेतली, तर त्याची जबाबदारी दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेतलेल्या माणसाइतकी: सांभाळायची, मालक शोधायचा, द्यायची. ७२ शी फरक एवढाच की इथे कुणी कुणाला काही दिलेलं नाही. एटीएममध्ये राहून गेलेल्या नोटा पुढच्या माणसाला सापडल्या तर ७१. तीच रक्कम कुणी चुकून त्याच्या खात्यात भरली तर ७२.

हल्ली सर्वांत जास्त विचारलं जातं ते चुकीच्या खात्यात गेलेल्या पैशांबद्दल. अनेकांना वाटतं की बँकेला चूक कळवली की बँक ती उलटी फिरवेल. तसं होत नाही. एनईएफटीमध्ये रक्कम खाते क्रमांकावर जमा होते आणि तो बरोबर लिहिण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची असते. (आरटीजीएस आणि एनईएफटीमध्ये पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दाखवण्याची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत द्यावी, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं. ती असेल तर वापरावीच.) एकदा रक्कम दुसऱ्याच्या खात्यात पडली की त्याच्या संमतीशिवाय बँक सहसा ती काढत नाही. म्हणून त्याच दिवशी आपल्या बँकेला व्यवहाराच्या यूटीआर क्रमांकासह लेखी कळवावं आणि पोच घ्यावी. आपली बँक समोरच्या बँकेला कळवते, ती बँक खातेदाराला विचारते. बहुतेक भले लोक इथेच होकार देतात. नकार आला किंवा उत्तरच आलं नाही तर ७२ खाली दिवाणी दावा. बँक नाव-पत्ता सांगत नाही, पण न्यायालय तो सादर करायला सांगू शकतं. आपले नाहीत हे कळल्यावरही कुणी ते अप्रामाणिकपणे वापरले, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ चा, म्हणजे अपहाराच्या गुन्ह्याचाही प्रश्न येतो.

चुकून दिलेलं सगळं नेहमीच परत मिळतं, असंही नाही. कराच्या बाबतीत १९९६ च्या डिसेंबरात 'मफतलाल इंडस्ट्रीज' प्रकरणात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने कन्हैयालाल निकालाला मोठी मुरड घातली. कारखानदाराने जास्तीचं उत्पादन शुल्क आधीच गिऱ्हाइकाकडून वसूल केलं असेल, तर परतावा त्याला देणं म्हणजे त्यालाच फुकटचा लाभ करून देणं. दुसरी मर्यादा पगाराची. सरकारी कार्यालयाने चुकीची वेतननिश्चिती करून वर्षानुवर्षं जास्त पगार दिला आणि निवृत्तीच्या तोंडावर वसुली काढली, हा प्रकार आपल्या ओळखीत कुठे ना कुठे घडलेला असतो. 'पंजाब सरकार विरुद्ध रफीक मसीह' या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये अशा वसुलीवर बंधनं घातली. तृतीय आणि चतुर्थ श्रेणीतले कर्मचारी, निवृत्त झालेले किंवा वर्षभरात निवृत्त होणारे, आणि पाच वर्षांहून अधिक काळ जास्त रक्कम दिली गेलेले, यांच्याकडून वसुली करू नये. मात्र "जास्त आल्यास परत करीन" असं हमीपत्र दिलेल्या अधिकाऱ्याला न्यायालयाने २०१६ मध्ये ही सवलत नाकारली. वेतननिश्चितीच्या वेळी पुढ्यात येणाऱ्या कागदांत असं हमीपत्र असू शकतं, ते वाचून सही करावी.

नाशिकच्या दुकानदाराने आता काय करावं? आधी दोन्ही व्यवहारांची बँक-विवरणं, मूळ बिल आणि पुरवठादाराचा खातेउतारा एकत्र करावा. एकाच बिलापोटी दोन रकमा जमा झाल्या हे त्या उताऱ्यावरूनच दिसलं तर अर्धा दावा तिथेच सिद्ध होतो. मग लेखी नोटीस द्यावी आणि तिच्यात अमुक तारखेपासून व्याज मागणार असल्याचं स्पष्ट लिहावं. दरम्यानचं व्याज ठरवणारा लेखी कागद दोघांत नसल्याने १९७८ च्या व्याज कायद्यानुसार ते अशा नोटिशीत सांगितलेल्या तारखेपासून मिळू शकतं. तोंडी तगाद्याने ते मिळत नाही. मुदत तीन वर्षांची. एरवी ती पैसे दिल्याच्या दिवसापासून, म्हणजे ४ एप्रिल २०२३ पासून मोजली जाईल. मुदत कायद्याच्या कलम १७ प्रमाणे चुकीच्या बाबतीत ती चूक कळल्यापासून मोजतात, पण त्याच कलमात पुढे म्हटलं आहे: किंवा वाजवी दक्षता घेतली असती तर जेव्हा कळली असती तेव्हापासून. चूक मार्च २०२४ मध्ये कळली असं दुकानदार सांगेल. समोरचा वकील एप्रिल २०२३ चं बँक-विवरण पुढे करून विचारेल की हे तुमच्याकडे मे महिन्यातच आलं होतं ना. त्यामुळे दावा लावताना शेवटची तारीख ४ एप्रिल २०२६ धरूनच चालावं.